स्वस्तातल्या फोनवर ॲप टेस्टिंग: बग पुन्हा करून दाखवायचा कसा, लिहायचा कसा आणि त्याचे पैसे घ्यायचे कसे

छोट्या ॲप डेव्हलपरला सध्या टेस्टर लागतातच, त्यामागं एक सरळ कारण आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर ज्यांनी गूगल प्लेवर पर्सनल डेव्हलपर अकाउंट काढलंय त्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी क्लोज्ड टेस्ट चालवावी लागते, म्हणजे यादीतल्या मोजक्या लोकांनाच ॲप वापरायला द्यायचं. आधी त्यासाठी 20 टेस्टर लागायचे, डिसेंबर 2024 पासून ते 12 केले, आणि हे 12 जण सलग 14 दिवस टेस्टमध्ये जोडलेले राहायला पाहिजेत. त्यानंतर गूगल डेव्हलपरला विचारतं की टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही त्यावरनं काय बदललं. म्हणजे नुसती 12 ईमेल गोळा करून भागत नाही, लिहून दिलेलं काहीतरी हातात लागतं, आणि तिथंच आपल्याला काम आहे.

आता यात दोन प्रकारची माणसं घुसलीत. एक म्हणजे आकडा भरणारे, 12 जीमेल देतात, ॲप इन्स्टॉल करतात, परत उघडतसुद्धा नाहीत. त्यांचा रेट इतका पडलाय की त्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही. दुसरे म्हणजे ॲप खरंच वापरून, बिघाड शोधून, तो परत परत करून दाखवणारे. हे कमी आहेत, आणि एकदा डेव्हलपरला असा माणूस सापडला की तो पुढच्या ॲपला पण त्यालाच फोन करतो. हा लेख दुसऱ्या प्रकारातलं काम ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी आहे.

फोन कुठला आणि त्यात काय तयारी

महागडा फोन नको. उलट घरात ड्रॉवरमध्ये पडलेला 3 GB रॅमचा जुना अँड्रॉइड फोन असेल तर तोच काढा, स्क्रीनला तडा असला तरी चालतंय, फक्त टच नीट पाहिजे. डेव्हलपरच्या हातात बहुतेक वेळा 8 नाहीतर 12 GB चा फोन असतो आणि त्याच्यावर सगळं गुळगुळीत चालतं, पण त्याचं ॲप वापरणारा सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार जुन्याच फोनवर असतो. ही जी मधली दरी आहे ना, तीच तुमची कमाई.

त्या फोनवर वेगळं जीमेल खातं टाका, तुमचं यूपीआय आणि बँकेची ॲप त्यात ठेवू नका. एक तर अनोळखी ॲप टाकायचीत, आणि दुसरं म्हणजे डेव्हलपर ऑप्शन चालू असले की काही बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात. डेव्हलपरला ईमेल देताना याच खात्याचा द्या, नाहीतर लिंक उघडल्यावर ॲप उपलब्ध नाही असं येतं आणि दोघंही तासभर डोकं धरून बसता, कारण प्ले स्टोअरमध्ये चालू असलेलं खातं वेगळं आणि यादीत दिलेलं वेगळं. टेस्टची लिंक साधारण अशी दिसते, शेवटी ॲपचं पॅकेज नाव असतं:

```
https://play.google.com/apps/testing/com.example.khata
```

मग सेटिंग्जमध्ये About phone मध्ये जाऊन Build number वर सात वेळा टॅप करा, की Developer options उघडतात. काही कंपन्यांनी Build number आणखी आतल्या पानात ठेवलाय किंवा त्याऐवजी त्यांच्या सिस्टीमच्या व्हर्जनवर टॅप करावं लागतं, शोधा थोडं, सापडतंय. तिथं सुरुवातीला दोनच गोष्टी चालू करा: Show taps, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये बोट कुठं लागलं ते दिसतं, आणि USB debugging, जर तुमच्याकडं कॉम्प्युटर असेल तर. स्क्रीन रेकॉर्डर अँड्रॉइड 11 पासून फोनमध्येच असतो, वेगळं ॲप नको.

पहिली फेरी साधीच

ॲप पहिल्यांदा उघडताना रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि कसलीही हुशारी न करता सरळ वापरा. तुम्ही कुठं अडखळलात, कुठलं बटण सापडलं नाही, हे डेव्हलपरला स्वतःहून कधीच कळणार नाही, कारण त्याला सगळं पाठ असतं. आणि पहिल्यांदा वापरणं एकदाच होतं, दुसऱ्या वेळेस तुम्हाला पण पाठ झालेलं असतं. म्हणून ही फेरी वाया घालवू नका.

दुसऱ्या फेरीत ॲपच्या मधे मधे तंगडी घालायची. फॉर्म अर्धा भरलाय आणि फोन आला. सेव्ह दाबलं आणि त्याच क्षणी विमान मोड लावला. परवानगी मागितली की नाही म्हणा, मग परत तेच बटण दाबा. फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, जे मी भरलं होतं ते अजून आहे का.

आपल्या भागात आणखी एक माल आहे जो पुण्या-मुंबईच्या टेस्टरकडं सहज नसतो. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही ऐकू येतं, आणि तिन्ही वाचणारी, टाईप करणारी माणसं घरात किंवा शेजारी मिळतात. ॲपमध्ये गिऱ्हाइकाचं नाव तिन्ही लिपीत टाकून बघा, शोध चालतो का, पीडीएफ बिल काढलं तर त्यात नाव नीट येतं का का नुसते चौकोन येतात. बटणावर मराठी शब्द असेल तर वरची वेलांटी आणि मात्रा कापली जात नाही ना ते बघा, बटणाची उंची इंग्रजीच्या हिशोबानं ठरवलेली असली की हे होतं. रकमेच्या रकान्यात 500 ऐवजी ५०० पेस्ट करा. काही ॲप ते बरोबर घेतात, काहींत रक्कम शून्य होते, काहींत स्क्रीनवर NaN, म्हणजे हा आकडाच नाही, असं उमटतं. उधारीच्या ॲपमध्ये 500 चे शून्य झाले तर तो लई मोठा बग आहे, बारका नाही.

एक बग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक केस नीट उलगडून सांगतो, कारण बग सापडणं आणि बग पकडणं यातला फरक तिथं दिसतो. चादर आणि टॉवेलच्या होलसेल दुकानांसाठी उधारीची वही असं एक ॲप होतं, करणारा अक्कलकोट रोडकडचा एक पोरगा, एकटाच. नवीन उधारी टाकायची, गिऱ्हाइकाचं नाव, नग, रक्कम, तारीख, आणि खाली बिलाचा फोटो काढायचं बटण. दुकानदारांची तक्रार अशी की कधी कधी फोटो काढून परत आलं की सगळा फॉर्म कोरा होतो. पोराचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडं तर चालतंय की."

दोघंही खरंच बोलत होते. जुन्या फोनवर कॅमेरा उघडला की त्याला भरपूर मेमरी लागते, आणि अँड्रॉइड मागं राहिलेल्या ॲपची प्रोसेस मारून जागा करून देतं. फोटो झाल्यावर सिस्टीम ॲपला परत उभं करते, पण भरलेला फॉर्म जर फक्त मेमरीतच होता आणि कुठं सांभाळून ठेवला नव्हता, तर तो गेला. 8 GB च्या फोनवर मारायची वेळच येत नाही म्हणून डेव्हलपरला कधी दिसत नाही. ॲप क्रॅश झालं असं पण नाही, बंद पडल्याचा कुठला मेसेज येत नाही, म्हणून दुकानदाराला वाटतं आपलंच बोट कुठंतरी लागलं.

आता हे कधी कधी होतं असं लिहून पाठवलं तर त्यावर डेव्हलपर काहीच करू शकत नाही. आपल्याला ते हुकमी करून दाखवायचंय. कॉम्प्युटर नसेल तर Developer options मध्ये Don't keep activities चालू करा, यानं तुम्ही एखाद्या स्क्रीनवरनं दुसरीकडं गेलात की मागची स्क्रीन लगेच नष्ट केली जाते. मग फॉर्म भरा, कॅमेरा उघडा, फोटो काढा, परत या. फॉर्म कोरा दिसला तर संशय बरोबर आहे. काम झालं की तो पर्याय आठवणीनं बंद करा, नाहीतर बाकीची ॲप पण विचित्र वागायला लागतात आणि तुम्ही नसलेले बग लिहून पाठवता.

पण या पर्यायात स्क्रीन नष्ट होते, पूर्ण प्रोसेस मरत नाही, त्यामुळं काही बग यात लपून राहतात. कॉम्प्युटर असेल तर खरी परीक्षा अशी. गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स डाउनलोड करा, फोनला कॉम्प्युटरवरनं हुकूम देणारं adb त्यातच असतं. फोन केबलनं जोडा, फॉर्म भरा, कॅमेरा उघडा, आणि कॅमेरा समोर असतानाच कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत हे चालवा, शेवटी तुमच्या ॲपचं पॅकेज नाव टाकून:

```
adb shell am kill com.example.khata
```

हे सिस्टीम जसं मागच्या ॲपला मारते तसंच मारतं. मग फोटो काढून ओके करा आणि बघा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यावरून डेव्हलपरशी हमखास वाद होतो. तो म्हणेल मी रिसेंट ॲपमधनं वर सरकवून बंद केलं आणि परत उघडलं, फॉर्म कोरा येणारच, त्यात काय. तसं केल्यावर सिस्टीम समजते की माणसानं स्वतः बंद केलं, आणि सांभाळून ठेवलेली स्थिती पण टाकून देते. Force stop चं पण तेच. सिस्टीमनं मारलं तर मात्र स्थिती परत द्यायची असते, आणि ॲपनं ती वापरायची असते. दोन परीक्षा वेगळ्या आहेत, आणि दुकानदाराच्या फोनवर दुसरी घडतीये.

क्रॅश आहे का मारलं गेलंय हे वेगळं ओळखायचं असेल तर लगेच हे चालवा:

```
adb logcat -b crash -d
```

क्रॅश असेल तर त्यात FATAL EXCEPTION आणि ॲपचं पॅकेज नाव दिसेल, तो सगळा तुकडा कॉपी करून रिपोर्टला जोडायचा. आपल्या केसमध्ये इथं त्या ॲपचं काहीच दिसत नाही, आणि काही न दिसणं हीच माहिती आहे, ती पण लिहायची.

यानंतर बग अरुंद करायचा. फोटो न काढता कॅमेऱ्यातनं नुसतं मागं आलं तर होतं का? होतं. गॅलरीतनं फोटो निवडला तर? am kill दिल्यावर तिथं पण होतं, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. आधी सेव्ह केलेली उधारी उघडून त्याला फोटो जोडला तर? नाही होत, कारण ती डेटाबेसमध्ये आहे. इतकं झालं की डेव्हलपरला कुठली फाइल उघडायची हे जवळजवळ कळलेलं असतं.

गेमला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात येते. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बऱ्याच छोट्या गेममध्ये नाणी आणि लेव्हल गेम बंद होताना सेव्ह करतात, OnApplicationQuit मध्ये, आणि अँड्रॉइडवर ॲप मारलं गेलं की ते चालेलच याचा भरवसा नसतो. म्हणून नाणी कमवा, होम दाबा, वरचीच कमांड गेमच्या पॅकेज नावानं द्या, परत उघडा, नाणी आहेत का बघा. त्यांनी OnApplicationPause मध्ये सेव्ह करायला पाहिजे असं सुचवलं तरी चालेल, पण नम्रपणे, कोड त्याचा आहे. आणि एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं ऊन आपल्याला फुकटात मिळालेली टेस्ट लॅब आहे, पंखा बंद खोलीत वीस मिनिटं सलग खेळा, फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडकायला लागतो. कितव्या मिनिटाला अडकला ते लिहा, एसीत बसलेल्या डेव्हलपरला हे दुसरं कुणी सांगणार नाही. फोन हाताला चटका बसेल इतका तापला तर थांबा मात्र.

रिपोर्ट लिहायचा कसा

बहुतेक लोक असं लिहितात: "सर ॲप मध्ये प्रॉब्लेम आहे, फोटो काढल्यावर सगळं जातंय, लवकर बघा." यावर डेव्हलपर पाच प्रश्न विचारतो, तुम्ही दोन दिवसांनी उत्तर देता, तोवर त्याचा मूड गेलेला. त्याऐवजी हे बघा:

शीर्षक: नवीन उधारीत फोटो काढून परत आल्यावर भरलेला फॉर्म कोरा होतो

ॲप व्हर्जन: 1.0.7. फोन: 3 GB रॅम, अँड्रॉइड 11, रिकामी जागा 4 GB

आधीची स्थिती: लॉगिन झालेलं, नेट चालू, मागं दोन-तीन ॲप उघडी

पायऱ्या:
1. नवीन उधारी उघडा
2. नाव, नग 20, रक्कम 4600 भरा
3. बिलाचा फोटो दाबा, कॅमेरा उघडेल
4. फोटो काढून ओके करा

काय झालं: फॉर्म कोरा, फोटो पण नाही, मेसेज काही नाही

काय व्हायला पाहिजे: भरलेलं तसंच राहावं आणि फोटो खाली दिसावा

किती वेळा: साध्या वापरात 5 पैकी 3, पायरी 3 नंतर am kill दिल्यास 5 पैकी 5

वेगळं काय करून बघितलं: गॅलरीतनं फोटो निवडताना am kill दिलं तरी होतं, सेव्ह केलेल्या उधारीत होत नाही, crash लॉगमध्ये काही नाही

जोडलंय: 40 सेकंदांचा व्हिडिओ, बोटाचे टॅप दिसतात

एवढंच. यात फोनचं खरं मॉडेल नाव पण टाकायचं, मी इथं मुद्दाम गाळलंय. शीर्षकात कुठं आणि काय हे दोन्ही आलं पाहिजे, नुसतं "फोटोचा बग" नको. एका रिपोर्टात एकच बग, दोन सापडले तर दोन रिपोर्ट, कारण एक दुरुस्त होतो आणि दुसरा राहतो, मग हा बंद करायचा का उघडा ठेवायचा याचा गोंधळ होतो. कारण काय असेल याचा अंदाज लिहायचा असेल तर अंदाज असं म्हणून सगळ्यात शेवटी, "काय झालं" मध्ये फक्त डोळ्यांनी दिसलं तेच. गंभीर, मध्यम, किरकोळ यातलं काय ठरवायचं तर डेटा जातो, पैशाचा हिशोब चुकतो किंवा ॲप उघडतच नाही हे गंभीर, बाकीचं खाली. सगळ्याला गंभीर म्हणत सुटलात की तुमच्या गंभीरला कुणी विचारत नाही.

Developer options मध्ये पूर्ण बग रिपोर्टची झिप पण काढता येते, पण त्यात तुमच्या फोनवरची बाकी ॲप आणि खात्यांची माहिती येते, म्हणून ती ग्रुपवर टाकू नका, मागितली तरच थेट डेव्हलपरला द्या. वेगळा फोन ठेवायचं हे पण एक कारण.

काम आणि पैसे

सगळ्यात जवळचं काम ओळखीतनं मिळतं. डब्ल्यूआयटी, ऑर्किडसारख्या कॉलेजातनं बाहेर पडून स्वतःचं ॲप करणारी पोरं आहेत, त्यांचं ॲप प्लेवर बघा, जुन्या फोनवर टाका, एखादा खरा बग सापडला तर वरच्या पद्धतीचा एक रिपोर्ट फुकट पाठवा, प्ले स्टोअरच्या पानावर डेव्हलपरचा ईमेल असतोच. खाली एकच ओळ, अशी पूर्ण फेरी हवी असेल तर इतक्या रुपयांत करून देतो. तो रिपोर्ट हाच तुमचा बायोडाटा. फक्त सार्वजनिक रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन मग ईमेल करू नका, ते धमकीसारखं वाटतं.

बाहेरचं काम uTest आणि Test IO सारख्या प्लॅटफॉर्मवर मिळतं. तिथं नोंदणी फुकट असते, सुरुवातीला सरावाची कामं देतात, आणि पैसे बहुतेक करून मान्य झालेल्या बगवर मिळतात, म्हणजे तोच बग तुमच्या आधी कुणी टाकला असेल तर तुमचा नाकारला जातो. म्हणून काम सुरू झाल्या झाल्या आधीचे बग वाचून काढा, आणि सगळे लॉगिन पान तपासत असतील तर तुम्ही मराठी कीबोर्ड आणि कमी मेमरीकडं वळा. पहिले काही आठवडे हातात फारसं काही पडत नाही, यावर घर चालवायचा हिशोब धरू नका. छोट्या गेमसाठी itch.io वर अर्धवट झालेले गेम भरपूर असतात आणि करणारे तिथंच कमेंटमध्ये उत्तर देतात, पण तिथले बरेच जण हौशी असतात, पैशापेक्षा नमुने गोळा करायला ती जागा चांगली.

थेट कामाचा दर तासावर न ठेवता फेरीवर ठेवा. एक फेरी म्हणजे दोन फोन, एक ठरलेलं व्हर्जन, साधारण एक संध्याकाळ, सगळे रिपोर्ट एका शीटमध्ये, आणि दुरुस्तीनंतर एकदा फेरतपासणी. नवख्यानं 1000 ते 1500 रुपये मागायला लाजायचं कारण नाही, त्यातले निम्मे आधी यूपीआयवर. प्रत्येक बगचे इतके असं डेव्हलपरशी थेट ठरवू नका, मग तुम्ही स्पेलिंगच्या चुका मोजत बसता आणि तो प्रत्येकावर घासाघीस करतो. 14 दिवसांच्या क्लोज्ड टेस्टसाठी घेतलं तर दर दोन-तीन दिवसांनी ॲप खरंच वापरायचं आणि चार ओळी लिहून पाठवायच्या असं ठरवा, मधेच टेस्टमधनं बाहेर पडू नका, त्याचे सलग दिवस त्यावर अवलंबून असतात.

दोन ठिकाणी सरळ नाही म्हणा. पैसे घेऊन पाच स्टारचा रिव्ह्यू, हे गूगलच्या नियमात बसत नाही आणि डेव्हलपरचं ॲप पण अडचणीत येतं. आणि टेलिग्रामवर टेस्टिंग जॉब म्हणून येणारे, आधी दोनशे रुपये देतात, मग पुढचं टास्क उघडायला पाच हजार भरा म्हणतात, तिथंच थांबा. टेस्टरनं पैसे भरायचे असं खरं काम नसतं. प्लेबाहेरची एपीके फाइल पाठवून एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असतील तर बिलकुल टाकू नका. कुणाचे पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका, जितकं लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

फेरतपासणी लोक उरकतात, तसं करू नका. डेव्हलपर म्हणाला झालं दुरुस्त, तर आधी व्हर्जन नंबर बघा, बऱ्याच वेळा प्ले स्टोअरनं जुनंच व्हर्जन ठेवलेलं असतं आणि तुम्ही तोच बग परत कळवता. 1.0.8 आलं की त्याच फोनवर, त्याच पायऱ्या, तेच आकडे, am kill सकट. फॉर्म टिकला तर पुढं जाऊन सेव्ह दाबा आणि यादीत एकच उधारी आली का दोन, ते बघा. परत उभ्या केलेल्या फॉर्मची नोंद दोनदा पडणं हा या दुरुस्तीमागनं येणारा नेहमीचा पाहुणा आहे, आणि दुकानदाराच्या खात्यात 4600 चे 9200 झालेले कुणालाच परवडत नाहीत. जुन्या रिपोर्टखालीच लिहा, 1.0.8 वर तपासलं, फॉर्म टिकतो, 5 पैकी 5 वेळा, नोंद एकच पडते, आणि त्याच मेसेजमध्ये राहिलेल्या निम्म्या पैशाचा क्यूआर पाठवून द्या.